सहा मीटरचा चौकोन: स्टुडिओतला प्रिसिडंट स्टडी कसा करायचा

ब्रीफ हातात पडतं आणि पहिल्याच आठवड्यात फर्मान निघतं, "एक प्रिसिडंट करून आणा." म्हणजे आधी बांधून झालेली एखादी इमारत निवडा आणि आपल्या डिझाइनसाठी तिचा अभ्यास करा. नव्याने आलेला एखादा मुलगा वहीत 'प्रेसिडेंट स्टडी' लिहितो आणि पाचवं वर्ष संपेपर्यंत तसंच म्हणतो. त्याचं मला फारसं वाटत नाही. वाईट वाटतं ते सोमवारी भिंतीवर लागणाऱ्या शीट्स बघून. वर इमारतीचा मोठा फोटो, खाली वास्तुकाराचं चरित्र, कोपऱ्यात नेटवरून उतरवलेला अंगठ्याएवढा प्लॅन आणि त्यावर पिवळा-निळा-हिरवा झोनिंगचा रंग. ही शीट भिंतीवरून काढून टाकली तरी त्या मुलाच्या डिझाइनमध्ये एक रेघही बदलणार नसते.

मी नाशिकमध्ये स्टुडिओ घेतो. गेल्या खेपेचं ब्रीफ होतं पंचवटीच्या बाजूला, गोदाकाठापासून थोड्या अंतरावर ऐंशी जणांची अभ्यासिका आणि तिला जोडून छोटं वाचनालय. त्यातल्या एका गटाने जो अभ्यास केला, तोच इथे पायरीपायरीने सांगतो. दहा इमारतींची नावं सांगण्यापेक्षा एका इमारतीशी कसं वागायचं ते कळलेलं बरं.

आधी प्रश्न, मग इमारत

मुलं शोधतात 'लायब्ररी प्रिसिडंट'. म्हणजे आपली इमारत ज्या जातीची, त्याच जातीची दुसरी. यातून हाती लागतात त्या भल्यामोठ्या काचेच्या लायब्ऱ्या, ज्यांचं आपल्या ऐंशी खुर्च्यांशी काही देणंघेणं नसतं. त्याऐवजी साइटवर अर्धा दिवस बसा आणि आपल्याला नेमकं काय सुटत नाहीये ते एका वाक्यात लिहा. या गटाचं वाक्य असं होतं: "घाटाकडे जाणारी वर्दळ अंगणातून जाऊ द्यायची आहे, तरी आत वाचणाऱ्याला शांतता हवी आहे, आणि मध्ये उंच कंपाउंड घालायचं नाही."

असं वाक्य हातात असलं की इमारत लायब्ररी असण्याची गरज उरत नाही. बंद खोल्या आणि उघडी जागा यांची वीण ज्या इमारतीने नीट घातली आहे, ती चालेल. गटाने अहमदाबादच्या साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय निवडलं. चार्ल्स कोरिया यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक, १९६३ मध्ये खुलं झालेलं. तेही नदीकाठी, तेही लहानशा, बैठ्या, आधीपासून असलेल्या घरांच्या शेजारी, आणि तिथेही लोक पत्रं-पुस्तकं बघायला येतात.

निवड पक्की करण्याआधी मी दोन गोष्टी तपासायला लावतो. पहिली: प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, दोन्ही मिळतात का, आणि निदान एक तरी माप खात्रीने माहीत आहे का? संग्रहालयाचं मूळ माप सर्वांना ठाऊक आहे, ६ मीटर गुणिले ६ मीटरचा चौकोन, आणि पुन्हा पुन्हा तोच. दुसरी: वास्तुकाराने जे केलं त्याऐवजी काय करता आलं असतं, ते तुम्हाला सांगता येतं का? इथे येतं. पाच बंद खोल्या एका छपराखाली रांगेत लावून दालनांचं साधं संग्रहालय करता आलं असतं. ते का केलं नाही, यातच सगळा अभ्यास आहे. पर्यायच सुचत नसेल, तर ती इमारत तुम्हाला फक्त आवडली आहे. मग ती वेगळ्या वहीत ठेवा.

हाती आलेलं ड्रॉइंग खरं मानू नका

माझ्या विद्यार्थिदशेतली गोष्ट. मीही असाच एक चौकोनी इमारतीचा प्लॅन छापून आणला, रात्रभर ट्रेस केला, शाईने पक्का केला. ज्युरीला आलेल्या बाईंनी स्केल काढलं, एक चौकोन आडवा मोजला, उभा मोजला आणि काही न बोलता पुढच्या शीटकडे गेल्या. कुणीतरी तो प्लॅन पानात बसवण्यासाठी ताणला होता आणि माझे सगळे चौकोन आयत झाले होते.

म्हणून पहिलं काम हे. प्लॅन छापा. १:१०० ला ६ मीटर म्हणजे कागदावर ६० मिलिमीटर, १:२०० ला ३०. एका टोकापासून पाच चौकोन आडवे मोजा, मग पाच उभे. एकच चौकोन मोजू नका, कारण अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यात लपते. १:२०० ला दोन्हीकडे १५० यायला हवेत. आडवे १५२ आणि उभे १४४ आले, तर प्रत ताणलेली आहे. प्लॅनखाली छापलेल्या स्केलपट्टीवर विसंबू नका, तीसुद्धा चित्राबरोबरच ताणली जाते.

मग उत्तर दिशा. दोन ठिकाणचे प्लॅन घेतलेत तर एकात बाण वर आणि दुसऱ्यात बाजूला असू शकतो. अशा वेळी नदी कुठल्या बाजूला आहे ते उपग्रहाच्या नकाशावर बघून घ्या. छपरांचे चौकोन वरून मोजता येतात, तेही मोजून घ्या.

तिसरं काम जरा किचकट आहे, पण मुलांना त्यातच मजा येते. सापडलेला प्रत्येक फोटो कुठे उभं राहून काढला ते प्लॅनवर बाणाने दाखवायचं. संग्रहालयात हे अवघड जातं, कारण चौकोन सगळे सारखे, विटांचे खांब सारखे, वर कौलांची चौधारी छपरंही सारखी. खूण धरायची ती मधल्या पाण्याच्या चौकाची, लाकडी झडपांच्या भिंतीची आणि झाडांची. आमच्या गटाला एका फोटोची जागा दोन दिवस सापडेना. शेवटी कळलं की फोटो उलटा छापला होता, आरशात दिसतो तसा. त्या दोन दिवसांत त्यांचा प्लॅन इतका पाठ झाला की पुढे मूळ प्रत बघायची गरजच पडली नाही.

रेघा ओढायचा क्रम

बटर पेपर प्लॅनवर टाकून दिसेल ती रेघ गिरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. हात चालतो, डोकं झोपतं. कोऱ्या बटर पेपरवर, इमारत ज्या क्रमाने उभी राहिली असेल त्या क्रमाने काढा.

आधी ६ मीटरची जाळी, बारीक पेन्सिलीने. मग प्रत्येक छेदावर विटांचा खांब. खांबावरून जाणाऱ्या काँक्रीटच्या तुळया तुटक रेघेने, कारण त्या डोक्यावर आहेत. इथवर आलात की थांबा आणि कागद दूर धरून बघा. भिंत एकही काढलेली नाही, तरी इमारत उभी आहे. भार खांब आणि तुळया घेतात. भिंत फक्त जिथे बंदिस्तपणा हवा तिथे येते. गिरवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण तो काळी जाड भिंत सगळ्यात आधी काढतो.

आता भिंती आणि झडपा. इथल्या खिडक्यांना काच नाही. लाकडी झडपा आहेत, उघडमीट करता येणाऱ्या. त्यामुळे भिंत आणि खिडकी यांना एकच जाडीची रेघ देऊ नका. शेवटी जमिनीचा पोत, पाणी आणि झाडं. छपराखालच्या उघड्या चौकोनांना हलकी छटा द्या आणि आकाशाला उघडे चौकोन पांढरे सोडा. मग मोजा: बंद किती, फक्त डोक्यावर छप्पर असलेले किती, पूर्ण उघडे किती? हे तीन आकडे शीटवर लिहा. त्या पिवळ्या-निळ्या झोनिंगपेक्षा हे तीन आकडे जास्त बोलतात.

सेक्शन पाण्याच्या चौकातून घ्या. दाराजवळून घेतलेला सेक्शन सोपा असतो म्हणून मुलं तिथून घेतात, पण तिथे काही कळत नाही. सेक्शनमध्ये उंची लागते आणि ती बहुतेक वेळा लिहिलेली नसते. मग फोटोतल्या विटांचे थर मोजायचे. समजा तुळईखाली अठ्ठावीस थर दिसले. जुनी वीट, म्हणजे तीन इंच जाडीची, सांध्यासकट साधारण ८५ मिलिमीटरचा थर देते. नवी मॉड्युलर वीट १०० चा. एका हिशोबाने उंची २.३८ मीटर, दुसऱ्याने २.८. फरक जवळजवळ दीड फुटाचा. त्यामुळे एकच आकडा ठोकून देऊ नका. फोटोत कोणी माणूस खांबाला लागून उभा असेल तर त्याच्या उंचीशी ताडून बघा, दोन आकड्यांपैकी कुठला पटतो ते ठरवा आणि शीटवर त्या मापापुढे 'अंदाज' असं स्वच्छ लिहा. ज्युरीत त्याबद्दल कुणी गुण कापत नाही. खोटा नेमकेपणा मात्र पकडला जातो.

६ मीटर म्हणजे केवढे?

प्लॅन काढून झाला आणि मी विचारलं, "हा चौकोन आपल्या स्टुडिओपेक्षा मोठा की लहान?" गटात तीन उत्तरं आली. मग सगळ्यांना टेप घेऊन बाहेर काढलं.

जुन्या नाशकात अजून वाडे उरलेत, त्यातल्या एकाचा चौक मोजायचं ठरलं. आधी विचारून घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आम्ही आत शिरून टेप उलगडला आणि माडीवरून आवाज आला, "काय रे, वाडा विकायला काढलाय की काय कुणी?" आजींना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी पायऱ्यांवर बसून देखरेख केली आणि जाताना चहाही दिला. चौक निघाला पाच मीटर दहा बाय चार मीटर साठ. म्हणजे संग्रहालयाचा एक चौकोन या चौकापेक्षा मोठा. पण चौकाभोवती दोन मजले असल्यामुळे चौक खोल वाटतो, आणि संग्रहालयाचा चौकोन बैठ्या छपरांमध्ये पसरट वाटत असणार.

चौकाच्या एका कडेला पडवी होती, १ मीटर ८० रुंद. तिच्यात उभं राहून बोललेलं समोरच्या कडेला स्पष्ट ऐकू येत होतं. गटातल्या मुलीने लगेच वहीत लिहिलं, "पाच मीटर उघडी जागा आवाज अडवत नाही." त्यांच्या मूळ प्रश्नाला हा पहिला धक्का होता. संग्रहालयात शांतता अंतराने मिळत नसावी. मग ती कशाने मिळते?

काढून बघा

विश्लेषण म्हणजे बाणांचे डायग्राम नव्हेत. इमारतीतली एक गोष्ट खोडा आणि काय मोडतं ते बघा. प्रत्येक खोडणीचा एक छोटा प्लॅन. तीन पुरेत.

पहिली खोडणी: पाच बंद खोल्या एकत्र आणून एक दालन केलं. प्लॅन आटोपशीर झाला, भिंती कमी झाल्या. मोडलं काय? एका खोलीतून दुसरीत जाताना मध्ये जे बाहेर यावं लागत होतं, ते गेलं. मूळ प्लॅनवर त्यांनी दारापासून एकेका खोलीपर्यंतची वाट पेन्सिलीने काढली होती. वाट सरळ जातच नव्हती. सारखी वळत होती, आणि खोलीचं दार रस्त्याच्या तोंडावर येत नव्हतं. मागच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. वर्दळ वाचणाऱ्यापासून लांब नाही. ती त्याच्या दारासमोरून जात नाही, इतकंच. आवाज पूर्ण थांबत नाही, पण नजर आणि पावलं थांबतात.

दुसरी खोडणी: पाण्याच्या चौकावर छप्पर घातलं. भोवतालची छपरं बैठी, त्यामुळे मधला भाग अंधारला. पण मला आवडलं ते दुसरं निरीक्षण. सगळे चौकोन सारखे असताना 'मी कुठे आहे' हे सांगणारा पाणी हा एकटाच वेगळा चौकोन होता. फोटो शोधताना मुलांनी खूण म्हणून तेच पाणी धरलं होतं, हे त्यांना तेव्हा आठवलं.

तिसरी खोडणी तुळईची. संग्रहालयातली तुळई पन्हळीसारखी आहे, वरून पोकळ. ती साधी, भरीव काढून बघितली. आता दोन चौधारी छपरांच्या मधल्या घळीत पाणी साचतं. हिशोब करू. ३६ चौरस मीटरच्या छपराची एक धार ९ चौरस मीटर. घळीत दोन्ही बाजूंची मिळून १८. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका घळीत तासाभरात ९०० लिटर पाणी येणार. म्हणजे पन्हळ ही शोभा नाही. एका मोठ्या छपराऐवजी अनेक लहान छपरं करायची ठरवली, त्या क्षणी घळी आल्या, आणि घळी आल्या म्हणून भार घेणाऱ्या तुळईलाच पाणी वाहून न्यायला लावलं. एक निर्णय दुसऱ्याला कसा जन्म देतो, ते इतकं उघडपणे फार थोड्या इमारतींत दिसतं.

धडा लिहायचा कसा

"उतरत्या कौलारू छपरांमुळे परिसराशी सुसंवाद साधला जातो." हे वाक्य मी दर वर्षी दहा शीटवर वाचतो. यातून काही करता येत नाही, आणि केलंच तर मूल आपल्या अभ्यासिकेवर कौलांची टोपी चढवून मोकळं होतं.

धड्याच्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: परिस्थिती काय होती, निर्णय काय घेतला, त्याने काय साधलं आणि त्याची किंमत काय मोजली. गटाचं एक वाक्य देतो: "वर्दळ आणि बंद खोल्या एकाच आवारात हव्या होत्या, खोल्या सुट्या ठेवून वाट त्यांच्या कडेने वळवली, नजर दारातून थेट आत जात नाही, बदल्यात भिंती आणि छपराचा परीघ वाढला, आणि पावसात खोलीतून खोलीत जाताना झड अंगावर येणार." किंमत लिहिता आली नाही तर समजा की धडा अजून हाती लागलेला नाही.

आता तो धडा नाशकात आणताना काय तगतं ते बघायचं. झडपा घ्या. अहमदाबादच्या उन्हाळ्यात काच नसलेली झडप वारा देते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सहालाच येऊन बसतात. झडपेच्या आत काच लागणार. पन्हळ घ्या. काठावर पिंपळ-उंबराची झाडं आहेत. पानं अडकली की पाणी उलटून आत येणार. म्हणजे शिडी लावून हात पोचेल अशी उंची आणि दोन्ही टोकांना मोकळं तोंड, हे आधीच ठरवायला हवं. जोतं घ्या. संग्रहालय जमिनीपासून जेमतेम फूटभर उचललेलं आहे. गोदावरीचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आला यावर मोजायची आपली रीत. तिथे फूटभर जोत्याने भागणार नाही. पूररेषा बघूनच जागा आणि जोतं ठरेल, आणि निळ्या पूररेषेच्या आत तर बांधायचंच नाही.

आणि तो ६ मीटरचा चौकोन. गटाला तो इतका आवडला होता की तसाच उचलून त्यांनी आपल्या साइटवर ठेवला. मी म्हटलं, टेबलं मांडा. समोरासमोर बसायचं वाचनाचं टेबल १.२० मीटर रुंद, दोन्हीकडे खुर्चीला ०.७५. एका रांगेला २.७० लागले, दोन रांगांना ५.४०. जाळी ६ मीटरची असली तरी खांबाची जाडी ३५ सेंटिमीटर धरली तर आत मोकळे राहतात ५.६५. उरले २५ सेंटिमीटर. त्यातून मांजर जाईल. १.२० ची वाट हवी तर ५.४०, १.२० आणि ०.३५ मिळून ६.९५, म्हणजे चौकोन ७ मीटरचा करावा लागेल. नाहीतर ६ मीटरमध्ये एकच रांग आणि भिंतीला पुस्तकांची कपाटं. संग्रहालयात माणूस उभ्याने बघत फिरतो, इथे तो बसणार आहे. माप बदलायला एवढं कारण पुरे. गटाने ७ घेतला. मग तुळईची उभी जाडी वाढली, पन्हळीत येणारं पाणी १८ ऐवजी साडेचोवीस चौरस मीटरचं झालं, आणि त्यांनी दोन संध्याकाळी पुन्हा सेक्शनवर काढल्या.

शीटवर शेवटी काय लावायचं? स्वतः काढलेला प्लॅन आणि सेक्शन १:२०० ला, तीन खोडण्या, वाड्याचा चौक त्याच स्केलला शेजारी, आणि धड्यांची तीन-चार वाक्यं. वास्तुकाराचं चरित्र नको. फोटो एखाददुसरा, बाणासकट.

प्लॅन काढलेला तो बटर पेपर गुंडाळी करून कपाटावर टाकू नका, बोर्डाला टाचून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात तुमचा स्वतःचा प्लॅन तयार झाला की तो १:२०० ला छापा, त्यावर हा बटर पेपर ठेवा आणि मेन गेटपासून वाचणाऱ्याच्या खुर्चीपर्यंतची वाट दोन्हींवर एकाच पेन्सिलीने काढून बघा. आमच्या गटाची पहिली वाट एकदाही न वळता थेट खुर्चीपर्यंत गेली होती.